सरासरीत लपणारी पंधरा मिनिटे: फॉर्मल्डिहाइड आणि भुलीचे वायू मोजण्याची व रोखण्याची पद्धत

पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील किंवा शस्त्रक्रियागृहातील हवा मोजण्याचे काम पहिल्यांदा अंगावर आले की बहुतेक जण मोजणीचे यंत्र खोलीच्या मधोमध एखाद्या टेबलावर ठेवतात, दिवसभर तसेच राहू देतात आणि संध्याकाळी मिळालेला सरासरी आकडा मर्यादेखाली आहे हे पाहून अहवाल लिहितात. असा अहवाल खोटा नसतो, पण त्यातून फारसे काही कळत नाही. या दोन्ही ठिकाणी वायू दिवसभर सारख्या प्रमाणात सुटत नाही. फॉर्मालिनचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातील द्रावणाचा डबा उघडताना, जुने नमुने ओतून टाकताना, लहान मुलाच्या चेहऱ्यावर मास्क धरून भूल देताना, अशा थोड्या मिनिटांत तो सुटतो आणि त्या वेळी एका ठरावीक माणसाच्या नाकाजवळ असतो. हा लेख ती मिनिटे शोधून मोजायची कशी आणि नंतर कमी कशी करायची, याविषयी आहे.

नाकावर विसंबू नये

फॉर्मल्डिहाइडचा वास अगदी कमी प्रमाणातही येऊ शकतो, पण किती प्रमाणाला येईल हे माणसागणिक बदलते. शिवाय नाक लवकर सरावते. प्रयोगशाळेत दहा मिनिटे काम केलेल्या माणसाला जो वास जाणवत नाही, तो दारातून नुकत्याच आत आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आणतो. भुलीच्या वायूंच्या बाबतीत नाक याहूनही कमी उपयोगाचे आहे. नायट्रस ऑक्साइडला किंचित गोडसर, जवळजवळ न जाणवणारा वास असतो. सेव्होफ्लुरेनसारख्या भुलीच्या औषधाचा वास शस्त्रक्रियागृहात स्पष्ट येत असेल, तर हवेतील प्रमाण शिफारस केलेल्या पातळीच्या बरेच वर गेले आहे असे समजून चालावे, आणि वास येत नसेल तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

मोजण्याचे कारण थोडक्यात असे. फॉर्मल्डिहाइड डोळे, नाक आणि घसा यांना झोंबते, काहींच्या त्वचेला त्याची कायमची ॲलर्जी होते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. नायट्रस ऑक्साइड ब-१२ जीवनसत्त्वातील कोबाल्टचे ऑक्सिडीकरण करतो आणि त्यामुळे मेथिओनिन सिंथेज हे विकर निकामी होते. दंतचिकित्सालयांतील सहायक स्त्रियांवरील १९९२ सालच्या एका अभ्यासात, वायू ओढून घेणारी यंत्रणा नसताना आठवड्यातून पाच तास किंवा अधिक या वायूच्या सान्निध्यात असणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेची शक्यता लक्षणीयरीत्या कमी आढळली होती.

पहिली पायरी: घड्याळ घेऊन एक दिवस नुसते पाहणे

पहिल्या दिवशी एकही नमुना घेऊ नये. वही आणि घड्याळ घेऊन एका कोपऱ्यात उभे राहावे आणि कोण, काय, किती मिनिटे, कुठे उभे राहून करतो ते लिहावे. पॅथॉलॉजीमध्ये ही नोंद साधारण अशी होते: फॉर्मालिनच्या डब्यातून अवयव काढणे, ग्रॉसिंग, म्हणजे तो टेबलावर कापून त्याचे तुकडे कॅसेटमध्ये भरणे, नमुन्यांच्या डब्यांत ताजे फॉर्मालिन ओतणे, टिश्यू प्रोसेसरमधील द्रावण बदलणे, आणि मुदत संपलेले नमुने रिकामे करणे. या यादीतील शेवटचे काम नवख्या माणसाकडून हमखास सुटते, कारण ते रोज होत नाही. आठवड्यातून एकदा, बहुधा दुपारी, बाकीचे लोक निघून गेल्यावर ते उरकले जाते. म्हणून प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या सहायकाला विचारावे, “फॉर्मालिनचा त्रास तुम्हाला कधी होतो?” मोजणी कोणत्या दिवशी ठेवायची, हे त्या उत्तरावरून ठरवावे.

दुसरी पायरी: कोणत्या मर्यादेशी तुलना करायची ते आधी लिहून ठेवणे

फॉर्मल्डिहाइडसाठी वेगवेगळ्या संस्थांच्या मर्यादांत मोठी तफावत आहे. अमेरिकेतील ओशा या संस्थेची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी ०.७५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दशलक्ष भागांत ०.७५ भाग, आणि पंधरा मिनिटांसाठी २ पीपीएम आहे. युरोपीय संघाची मर्यादा अनुक्रमे ०.३ आणि ०.६ पीपीएम आहे, तर एसीजीआयएच या व्यावसायिक संघटनेने ०.१ आणि ०.३ पीपीएम सुचवले आहे. आकडा हाती आल्यावर सोयीची मर्यादा शोधण्याचा मोह सर्वांनाच होतो, म्हणून आपल्याला कायद्याने कोणती लागू आहे आणि आपण स्वतः कोणती गाठू इच्छितो, या दोन्ही गोष्टी मोजणीपूर्वीच कागदावर असाव्यात. माझ्या मते कर्करोगकारक पदार्थाच्या बाबतीत कायदेशीर मर्यादा हे फक्त किमान बंधन धरावे आणि नियोजन त्याच्या बरेच खाली करावे.

तिसरी पायरी: नमुना माणसाच्या अंगावर घेणे

नमुना नेहमी काम करणाऱ्याच्या श्वसनक्षेत्रातून, म्हणजे नाकातोंडापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत, कॉलरजवळ घ्यावा. फॉर्मल्डिहाइडसाठी डीएनपीएच या रसायनाचा लेप असलेली सिलिका जेलची लहान नळी वापरतात. कमरेच्या पंपाने तिच्यातून हवा ओढली जाते, फॉर्मल्डिहाइड त्या रसायनाशी संयोग पावून तिथेच अडकते आणि पुढे प्रयोगशाळेत एचपीएलसी यंत्रावर त्याचे वजन काढले जाते. पंधरा मिनिटांच्या नमुन्यासाठी मिनिटाला १ लिटर प्रवाह सोयीचा पडतो. तीन तासांच्या ग्रॉसिंगसाठी प्रवाह मिनिटाला ०.१ लिटरवर आणून दीड-दीड तासाच्या दोन नळ्या लावाव्यात. पंपाचा प्रवाह नळी जोडलेल्या अवस्थेत, कामाआधी आणि कामानंतर असा दोनदा तपासावा, आणि दोन्हींत पाच टक्क्यांहून अधिक फरक पडला तर तो नमुना बाद धरावा. नळी वापरल्यानंतर लगेच टोपणे लावून, उजेडापासून झाकून थंड ठेवावी, आणि न वापरलेली एक नळी त्याच प्रवासाला कोरा नमुना म्हणून पाठवावी.

हातात धरून तात्काळ आकडा दाखवणारे विद्युतरासायनिक यंत्र आकर्षक वाटते, पण पॅथॉलॉजीमध्ये ते सहज फसवते. त्याचा संवेदक अल्कोहोललाही प्रतिसाद देतो, आणि या खोलीत अल्कोहोल सर्वत्र असते: टिश्यू प्रोसेसरमध्ये, हात निर्जंतुक करण्याच्या द्रवात, आणि मूळ तीव्र फॉर्मालिनमध्ये मिसळलेल्या मिथेनॉलच्या रूपातसुद्धा. शेजारच्या माणसाने हाताला निर्जंतुक द्रव चोळला तरी आकडा उडी मारतो. गळती कुठून होते याचा माग काढायला हे यंत्र वापरावे, मर्यादेशी तुलना मात्र नळीच्या निकालाचीच करावी.

एक उदाहरण, आकड्यांसह

हिशेब कसा करायचा हे कळावे म्हणून एका सहायकाचा ४८० मिनिटांचा दिवस घेऊ. त्याने १८० मिनिटे ग्रॉसिंगला मदत केली, ३५ मिनिटे जुने नमुने मोरीजवळ टाकाऊ द्रवाच्या पिंपात रिकामे केले आणि उरलेली २६५ मिनिटे त्याच खोलीत नोंदी, लेबले आणि साठवणुकीचे काम केले. नमुने रिकामे करताना लावलेल्या पंधरा मिनिटांच्या नळीवर ४४ मायक्रोग्रॅम फॉर्मल्डिहाइड सापडले. नळीतून १५ लिटर हवा गेली, म्हणून ४४ भागिले १५ म्हणजे लिटरला २.९३ मायक्रोग्रॅम, म्हणजेच घनमीटरला २.९३ मिलिग्रॅम. फॉर्मल्डिहाइडचा १ पीपीएम म्हणजे घनमीटरला सुमारे १.२३ मिलिग्रॅम, त्यामुळे हे प्रमाण २.४ पीपीएम झाले. ग्रॉसिंगच्या नळ्यांवरून ०.४ आणि उरलेल्या वेळेसाठी ०.०८ पीपीएम मिळाले.

आता प्रत्येक कामाचे प्रमाण त्याच्या मिनिटांनी गुणू. ग्रॉसिंगचे ७२, नमुने रिकामे करण्याचे ८४ आणि उरलेल्या वेळेचे सुमारे २१, एकूण १७७. त्याला ४८० ने भागले की दिवसाची सरासरी ०.३७ पीपीएम येते. नमुना दिवसभर एकच घेतला असता, तर ओशाच्या ०.७५ च्या निम्म्याखालचा हा आकडा पाहून काम संपवले गेले असते. प्रत्यक्षात ३५ मिनिटांच्या एका कामात पंधरा मिनिटांची २ पीपीएमची मर्यादा ओलांडली गेली होती, आणि दिवसाच्या सात टक्के वेळात त्या माणसाने दिवसभरातील जवळजवळ निम्मे फॉर्मल्डिहाइड श्वासावाटे घेतले होते. युरोपीय मर्यादेशी तुलना केली, तर दिवसाची सरासरीही जास्तच ठरते.

उपायांचा क्रम याच गुणाकारांवरून ठरतो. सर्वांत मोठा हिस्सा नमुने रिकामे करण्याचा आहे, म्हणून तिथून सुरुवात करावी. उघड्या मोरीजवळचे हे काम हवा ओढणाऱ्या टेबलावर हलवावे, द्रव उंचावरून न ओतता झाकणात बसवलेल्या गाळणीच्या नरसाळ्यातून पिंपात सोडावा, रिकामा डबा लगेच झाकण लावून बाजूला ठेवावा, आणि एका बैठकीत शंभर डबे रिकामे करण्यापेक्षा रोज थोडे थोडे करावेत.

ग्रॉसिंगच्या टेबलाबाबत एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. टेबल खाली हवा ओढणाऱ्या प्रकारचे होते, पंखा सुरू होता, वार्षिक तपासणीचा शिक्काही होता, तरीही कापणाऱ्या डॉक्टरांचे डोळे झोंबत होते. धूर सोडणारी एक काचेची नळी टेबलाच्या कडेशी धरली, तर धूर जाळीकडे न जाता सरळ वर, त्यांच्या चेहऱ्याकडे निघाला. जाळीच्या छिद्रांवर कापण्याचा बोर्ड, त्याखाली रक्त टिपायचा जाड टॉवेल आणि बाजूला कॅसेटचा ट्रे असे ठेवले होते. ओढणारी दोन तृतीयांश जागा झाकली गेली होती, आणि वरच्या एसीचा झोत नेमका डॉक्टरांच्या पाठीमागून टेबलावर येत होता. टॉवेल काढला, बोर्डाला पाय लावून तो जाळीपासून उचलला, झोताची दिशा फिरवली, आणि तोच धूर खाली वाकून जाळीत शिरू लागला. हा प्रयोग दर महिन्याला करावा. त्याला दोन मिनिटे लागतात आणि शिक्क्यावर जे दिसत नाही ते तो दाखवतो.

याशिवाय अवयव कापण्यापूर्वी काही वेळ वाहत्या पाण्याखाली धुवावा, आणि एका वेळी एकच डबा उघडा ठेवावा. हवा बाहेर न सोडता गाळून खोलीत परत सोडणारे टेबल असेल, तर त्यातील गाळणी फॉर्मल्डिहाइडसाठीची आहे का ते पाहावे. साधा सक्रिय कोळसा हा वायू नीट धरत नाही, त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटसारखे रसायन बसवलेले माध्यम लागते आणि ते संपते. शस्त्रक्रियेचा कापडी किंवा कागदी मास्क या वायूला मुळीच अडवत नाही. सांडलेले फॉर्मालिन पुसण्यासारख्या प्रसंगी फॉर्मल्डिहाइडसाठीच्या कार्ट्रिजचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो.

हे बदल करून पुन्हा मोजले आणि ग्रॉसिंगला ०.१२, नमुने रिकामे करताना ०.४ आणि उरलेल्या वेळेत ०.०४ पीपीएम मिळाले असे धरू. सरासरी ०.०९६ वर येते, म्हणजे एसीजीआयएचच्या ०.१ च्या आत. पण नमुने रिकामे करण्याचे ०.४ अजूनही त्यांच्या पंधरा मिनिटांच्या ०.३ पेक्षा जास्त आहे. त्यामुळे ते काम पूर्ण बंदिस्त होईपर्यंत करणाऱ्याने कार्ट्रिजचा मास्क वापरावा, आणि अहवालात हे काम अपूर्ण म्हणूनच नोंदवावे.

शस्त्रक्रियागृहात: एकेक शक्यता बाद करत जाणे

अमेरिकेतील नायॉश या संशोधन संस्थेने १९७७ साली नायट्रस ऑक्साइडसाठी भूल देण्याच्या काळातील सरासरी २५ पीपीएम आणि वाफेच्या रूपात दिल्या जाणाऱ्या हॅलोजनयुक्त भूल-औषधांसाठी एका तासापर्यंतच्या नमुन्यात कमाल २ पीपीएम अशी शिफारस केली. हॅलोजनयुक्त औषध नायट्रस ऑक्साइडसोबत वापरले जात असेल, तर त्याच्यासाठी ०.५ पीपीएम. ब्रिटनमध्ये नायट्रस ऑक्साइडची आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम आहे. सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही हॅलोजनयुक्त औषधे १९७७ नंतर वापरात आल्याने ती शिफारस थेट त्यांच्यासाठी नाही, तरी काम नीट चालले आहे की नाही हे पाहण्यासाठी तोच मापदंड बहुतेक ठिकाणी वापरला जातो.

इथे नायट्रस ऑक्साइडपुरते इन्फ्रारेड यंत्र फार उपयोगी पडते, कारण त्याने गळतीचा उगम त्याच सकाळी सापडतो. मात्र हॅलोजनयुक्त औषधांच्या वाचनात हात धुण्याच्या अल्कोहोलचा घोळ इथेही होतो. व्यक्तीच्या सरासरीसाठी कॉलरला लावायचा शोषक बॅज भूल सुरू होताना उघडावा आणि भूल संपताच बंद करावा. तो आठ तास उघडा ठेवला, तर मधले रिकामे तास आकडा पातळ करतात.

क्रम असा ठेवावा. पहिली शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, भुलीचे यंत्र बंद असताना, दाराशी, भिंतीवरील वायूच्या जोडणीजवळ आणि यंत्रामागे वाचन घ्यावे. तेव्हाच नायट्रस ऑक्साइड दिसत असेल, तर गळती पाइपलाइनच्या जोडणीत, यंत्राच्या नळीत किंवा सिलिंडरच्या वॉशरमध्ये आहे, आणि साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात. तिथे शून्य असेल, तर यंत्राच्या कमी दाबाच्या भागाची आणि वायू रुग्णापर्यंत नेणाऱ्या नळ्यांची चाचणी घ्यावी: रुग्णाकडचे टोक बंद करून दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरपर्यंत चढवावा, आणि तो तसाच ठेवायला मिनिटाला १०० मिलिलिटरपेक्षा अधिक वायू लागू नये. हेही ठीक असेल आणि तरी भूल देताना आकडा चढत असेल, तर वायू मास्कच्या कडेतून किंवा वायू ओढून नेणाऱ्या स्कॅव्हेंजिंग यंत्रणेतून येतो आहे. तिचा प्रवाहदर्शक फ्लोट दोन खुणांच्या मध्ये आहे का, भिंतीवरील ओढणी सुरू आहे का, आणि तिची नळी यंत्राच्या चाकाखाली दबली आहे का, हे वाकून डोळ्यांनी पाहावे.

एक वाट मात्र अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. रुग्णाच्या श्वासातील वायूंचे विश्लेषण करणारा साइडस्ट्रीम मॉनिटर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर वायू ओढतो आणि मागच्या बाजूच्या एका बारीक तोंडातून बाहेर सोडतो. ते तोंड स्कॅव्हेंजिंगला जोडलेले नसेल आणि मिश्रणात निम्मा नायट्रस ऑक्साइड असेल, तर मिनिटाला १०० मिलिलिटर शुद्ध नायट्रस ऑक्साइड खोलीत येतो. खोली ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच, म्हणजे १०८ घनमीटर असेल आणि ताशी २० वेळा हवा बदलत असेल, तर मिनिटाला ३६,००० लिटर हवा मिळते आणि प्रमाण ३ पीपीएमच्या आतच राहते. पण त्या वीसपैकी सोळा बदल त्याच खोलीची हवा हेपा गाळणीतून फिरवून परत आणणारे असतील, तर ते मोजायचे नाहीत. हेपा गाळणी कण धरते, वायू तिच्यातून सरळ निघून जातो. ताजी हवा चारच वेळा येत असेल, तर मिनिटाला ७,२०० लिटर उरतात आणि स्थिरावलेले प्रमाण सुमारे १४ पीपीएम होते. म्हणजे दुसरी कोणतीही चूक न होता २५ च्या निम्म्याहून अधिक वाटा एका न जोडलेल्या नळीने खाल्ला. म्हणून अभियांत्रिकी विभागाला हवेचे एकूण बदल किती एवढेच न विचारता त्यांतील बाहेरच्या ताज्या हवेचे किती, हे विचारावे.

उरतो तो भाग भूलतज्ज्ञांच्या हातात असतो. मास्क चेहऱ्यावर नीट बसल्यावरच वायू सुरू करावा, आणि श्वसननळी घालण्यासाठी मास्क उचलण्यापूर्वी औषधाची वाफ करणारा व्हेपोरायझर व ताज्या वायूचा प्रवाह बंद करावा. यंत्राच्या नळ्या रुग्णापासून सुट्या करण्याची वेळ आली, तर पिशवीतील वायू आधी स्कॅव्हेंजिंगमध्ये रिकामा करावा, आणि व्हेपोरायझर भरताना बाटलीला त्याच औषधाचा ठरलेला फिलर लावावा. लहान मुलांना मास्कने भूल देताना मूल डोके हलवते आणि कडेतून वायू निसटतोच. अशा शस्त्रक्रियांची यादी असेल त्या दिवशी चेहऱ्याजवळ ओढणी असलेला दुहेरी मास्क उपयोगी पडतो. हे सांगताना भूलतज्ज्ञांसमोर इन्फ्रारेड यंत्राचा आलेख ठेवावा. मास्क उचलल्याच्या क्षणी चढलेला सुळका त्यांना स्वतः दिसला की पुढचे बोलणे सोपे होते.

शेवटचा बॅज रिकव्हरी खोलीतील परिचारिकेला लावावा. भुलीतून बाहेर येणारा रुग्ण वायू श्वासावाटे बाहेर टाकत राहतो, तिथे स्कॅव्हेंजिंग नसते, आणि ती त्याच्या तोंडाजवळ वाकून त्याला हाक मारत असते. तिच्या बॅजचा आकडा जास्त आला, तर खाटांजवळ ताज्या हवेचा पुरवठा वाढवावा आणि शस्त्रक्रियांची तशीच यादी असेल त्या दिवशी, तितकेच रुग्ण असताना, मोजणी पुन्हा करावी.